जाहिरातीतली चांदणी तपासताना

जाहिरातीचं प्रूफ हातात आलं की आधी * या चांदणीची तळटीप हाताने झाका आणि फक्त हेडलाइन वाचा. ग्राहकाला काय मिळणार असं त्यातून वाटतं, ते एका वाक्यात लिहून ठेवा. मग हात काढून टीप वाचा. लिहिलेलं वाक्य अजूनही खरं असेल तर टीप चालेल. ते खोडावं लागत असेल, तर चूक हेडलाइनमध्ये आहे.

समजा, साडीच्या दुकानाची जाहिरात आहे: ‘संपूर्ण दुकानात ५० टक्के सूट*’. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘*निवडक साड्यांवर, १०,००० रुपयांवरील खरेदीवर. अटी लागू.’ ‘संपूर्ण’ आणि ‘निवडक’ एकत्र नांदत नाहीत. इथे टीप कितीही मोठी केली तरी उपयोग नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टीप दाव्याचा खुलासा करू शकते, पण दिशाभूल करणारा दावा ती दुरुस्त करू शकत नाही आणि महत्त्वाची माहिती लपवायलाही वापरता येत नाही. म्हणून हेडलाइनच बदला: ‘निवडक साड्यांवर ५० टक्के सूट*, १०,००० रुपयांवरील खरेदीवर’. चांदणीसाठी आता तारखा आणि शाखा एवढंच उरतं. दुकानदार कुरकुरेल, ‘मग कोण येणार?’ पण आधीची हेडलाइन वाचून आलेलं गिऱ्हाईक काउंटरवर भांडेल, हेही त्याला सांगा.

नुसतं ‘अटी लागू’ लिहून भागत नाही. कुठल्या अटी, ते तिथेच हवं.

आता प्रत्येक चांदणीवर बोट ठेवून तिची टीप शोधा. मजकूर कापताना टीप उडते आणि चांदणी तशीच राहते, हे नेहमीचं आहे. दोन दाव्यांना दोन वेगळ्या टिपा असतील तर चिन्हंही वेगळी घ्या. टीप दाव्याच्या लगतच ठेवा. वेष्टनावर दावा पुढे आणि टीप मागे नको, शक्यतो दोन्ही एकाच बाजूला असावं. भाषाही दाव्याचीच. मराठी हेडलाइनखाली इंग्रजी अटी चालत नाहीत.

वाचनीयता स्क्रीनवर मोठं करून तपासू नका. छापायच्या मापात प्रिंट काढा, तीही वर्तमानपत्रासारख्या साध्या कागदावर. गडद रंगावरची बारीक पांढरी अक्षरं छपाईत शाई पसरून बुजतात. मराठीत आधी जातात ते अनुस्वार आणि रफार. ज्याने मजकूर पाहिलेला नाही अशा माणसाला, जाहिरात जितक्या अंतरावरून वाचली जाईल तितक्या अंतरावर उभं करून एकदाच वाचायला सांगा. होर्डिंग असेल तर रस्त्यापलीकडून. तो अडखळला तर अक्षर वाढवा किंवा अटी कमी करा.

व्हिडिओत दावा आवाजात असेल, तर टीप त्याच क्षणी पडद्यावर हवी. आवाज बंद करून आणि मग चालू करून, असं दोनदा पाहा. टीप पुढच्या दृश्यात सरकलेली असेल तर लगेच कळतं.