चंपाषष्ठीच्या तळीचं आमंत्रण

'षष्ठीला या हं' एवढंच कळवलं की मंडळी जेवणाच्या वेळी उगवतात आणि तळी उचलायला पाच पुरुष जमत नाहीत. आमच्याकडे एकदा शेजारच्या काकांना बोलवावं लागलं होतं! म्हणून निरोपात जेवणाची नाही, तळीची वेळ सांगा. तळी साडेबाराला असेल तर बाराला या म्हणा. उचलणाऱ्या पाच जणांना मात्र वेगळा फोन करा, आणि सहावा गडी हाताशी ठेवा.

'काहीतरी आणा' म्हटलं की चार घरांतून पेढेच येतात. त्यापेक्षा नाव घेऊन लिहा: 'दादा, भंडारा पाव किलो आणि खोबऱ्याच्या चार वाट्या. मावशी, विड्याची पानं, सुपाऱ्या. ताई, भरताची वांगी दोन किलो आणि पातीचा कांदा, आदल्या संध्याकाळीच.' वांगी सकाळी आली तर भाजून, सोलून भरीत होईपर्यंत नैवेद्य रखडतो. बाजरीचे रोडगे यजमानांच्याच घरी करावेत, बाहेरून आणलेले कडक होतात. भंडारा उधळायचा असतो, तेव्हा पांढरे कपडे नकोत हेही त्याच निरोपात कळवा.