पार्ट पेमेंट केलं, बँकेचं उत्तर आलं, आता मुदत कमी झाली की हप्ता ते तपासायची तयारी

होम लोनमधे एकरकमी पैसे भरले की बँकेकडून मेल येतो, "तुमचे पार्ट पेमेंट जमा झाले, व्याजात इतकी बचत". तो आकडा खरा मानायच्या आधी चार गोष्टी समोर घेऊन बसा: पैसे भरायच्या आधीचं स्टेटमेंट, नंतरचं स्टेटमेंट, नवीन रिपेमेंट शेड्यूल आणि आपण दिलेला अर्ज, कारण हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा की मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा, हे त्यात आपणच लिहिलेलं असतं (नसेल लिहिलं तर बँक तिच्या पद्धतीने काहीतरी एक धरते, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो).

उदाहरण घेऊ. ३० लाखांचं लोन, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,०३५. तीन वर्षं हप्ते भरून झाले, मुद्दल राहिलं २८,०४,५८० आणि हप्ते राहिले २०४. आता ३ लाख भरले.

सगळ्यात आधी ते ३ लाख खरंच मुद्दलातून वजा झालेत का ते बघा. कधी कधी रक्कम ॲडव्हान्स हप्ता म्हणून बाजूला पडून राहते आणि मेलमधे मात्र "जमा" असंच येतं. हे ओळखायला पुढच्या हप्त्यातला व्याजाचा भाग बघायचा. मुद्दल २५,०४,५८० झालं असेल तर महिन्याचं व्याज साधारण १७,७४१ लागायला हवं, आणि १९,८६६ लागलं असेल तर तुमचे ३ लाख मुद्दलापर्यंत पोचलेलेच नाहीत, बाकीचं काहीही तपासायच्या आधी हे बँकेकडून दुरुस्त करून घ्या. पैसे महिन्याच्या मधे भरले असतील तर त्या महिन्याचं व्याज थोडं मधलं येईल, मग त्याच्या पुढचा महिना धरा.

नंतर हप्ता आणि उरलेले हप्ते, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दर तिमाहीच्या स्टेटमेंटमधे हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजदर द्यावाच लागतो, त्यामुळे हे मागायला संकोच नको. एक्सेलमधे दोन ओळी टाकून पडताळा घ्या:

```
=NPER(8.5/1200,-26035,2504580)
=PMT(8.5/1200,204,-2504580)
```

पहिलीचं उत्तर १६२.०६, म्हणजे १६२ पूर्ण हप्ते आणि शेवटचा एक अगदी छोटा, २०४ ऐवजी. दुसरीचं २३,२५०, म्हणजे हप्ता २,७८५ ने कमी आणि महिने तेच २०४. बँकेचं उत्तर या दोनपैकी एकाच्या जवळ असायला हवं, आणि दोन्हीच्या मधलं काहीतरी दिसलं तर बहुतेक त्याच सुमाराला व्याजदरही बदललाय, तेव्हा जुन्या दराने एकदा आणि नव्या दराने एकदा हिशेब करून दोन्ही परिणाम वेगळे काढा, नाहीतर दर कमी झाल्याचा फायदा पार्ट पेमेंटच्या नावावर जातो.

आता बचत. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आधी एकूण भरायचे होते २०४ गुणिले २६,०३५, म्हणजे ५३,११,१४०. मुदत कमी केल्यावर भरायचे साधारण ४२,१९,२३०. फरक जवळजवळ १०.९२ लाख, आणि बरेच जण, कधी बँकेचा माणूससुद्धा, हाच आकडा बचत म्हणून सांगतो. पण त्यात तुमचेच ३ लाख आहेत! ते वजा करा, खरी व्याजबचत साधारण ७.९२ लाख. हप्ता कमी केला तर २,७८५ गुणिले २०४ म्हणजे ५,६८,१४०, त्यातून ३ लाख गेले की उरतात २,६८,१४०. म्हणून कोणी बचत सांगितली की पहिला प्रश्न हाच विचारा, भरलेली रक्कम वजा केली का.

दोन बचतींत इतका फरक बघून हप्ता कमी करणं चुकीचंच असं मात्र नाही. घरात पैशाची ओढाताण असेल तर महिन्याला २,७८५ सुटणं मोलाचं आहे, आणि तेच पैसे दर महिन्याला परत मुद्दलात टाकत राहिलात तर मुदत कमी केल्याइतकीच बचत होते, फक्त ते टाकायची शिस्त आपली आपण ठेवावी लागते.

अर्जात मुदत कमी करा लिहिलं होतं आणि शेड्यूलमधे २३,२५० चा हप्ता दिसतोय, तर फोनवर बोलत बसू नका, अर्जाची कॉपी आणि नवीन शेड्यूल जोडून मेल टाका, पैसे भरल्याच्या तारखेपासून हप्ता २६,०३५ ठेवून मुदत कमी करून शेड्यूल द्या असं स्पष्ट लिहा, आणि दुरुस्त शेड्यूल आलं की त्यातला शेवटचा हप्ता १६३ व्या ओळीवर आहे का एवढं बघा.