संशयास्पद ऑर्डर शोधताना या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मावशीचं चंदेरी साड्यांचं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरींचा हिशेब मी बघते. पहिल्या वर्षी पैसे भरणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा पत्ता वेगळा दिसला की मी ऑर्डर अडवायचे. पुण्याच्या एका भाच्याने आत्याला पाठवलेली साडी अशीच अडकली आणि वाढदिवस उलटून गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

वेगळा पत्ता म्हणजे बहुतेक वेळा भेट असते. शिवाय आपल्याकडच्या कार्डावर ऑनलाइन पैसे भरताना सहसा ओटीपी लागतो. परदेशी कार्डाचं पेमेंट मात्र जपून तपासा. आमच्यासारख्यांचं खरं नुकसान कॅश ऑन डिलिव्हरीत होतं: माल परत येतो आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या माथी बसतं.

दुसरी चूक पत्ता जसाच्या तसा जुळवायची. एकदा पंचवीस मिनिटांत तीन ऑर्डरी आल्या. तिन्ही कॅश ऑन डिलिव्हरी, नावं वेगळी, फोनही वेगळे. पत्ते असे होते: `27 Dal Bazar`, `H.No. 27, Daal Bazaar`, `27 Dalbazar Lashkar`. शीटला ही तीन घरं वाटली. आता मी पिनकोड आणि घर क्रमांक जोडून `474001-27` अशी खूण E रकान्यात करते. B मध्ये वेळ असते. आधीच्या तासात तीच खूण किती वेळा आली, ते असं मोजते:

```
=COUNTIFS(E:E,E2,B:B,">="&B2-1/24,B:B,"<="&B2+1/1440)
```

शेवटचा एक मिनिट वेळेच्या बारीक दशांशांसाठी सोडलाय. ऑर्डर स्वतःलाही मोजते, म्हणून उत्तर किमान 1 यायलाच हवं. 0 किंवा `#VALUE!` आलं तर वेळ मजकूर म्हणून साठवली गेली आहे. आधी ती दुरुस्त करा, नाहीतर सगळंच निर्धोक दिसेल.

वेळेचा आणखी एक फसवा प्रकार आहे. काही शीट यूटीसी वेळेत येतात. तिथे पहाटे साडेतीनची दिसणारी ऑर्डर आपल्याकडे सकाळी नऊची असते. अशा शीटमध्ये साडेपाच तास मिळवल्याशिवाय ‘अपरात्रीची ऑर्डर’ म्हणू नका.

आकडा 2 आला म्हणजे फसवणूक झाली असंही नाही. पेमेंट अडकलं की माणूस पुन्हा बटण दाबतो; तेव्हा फोन आणि साडी तीच असते. मोठ्या इमारतीत किंवा वसतिगृहात घर क्रमांकही एकच असू शकतो. म्हणून सोबत टोपली बघा. आमच्याकडे एरवी एक-दोन साड्या जातात. आहेराची खरेदी मोठी असते खरी, पण ती माणसं रंग बदलून घेतात आणि आधी फोन करतात. त्या तीन ऑर्डरींत मिळून एकाच महागड्या साडीचे, एकाच रंगाचे सहा नग होते.

मी तिघांना फोन केला. एकाने उचलला नाही, दुसरा म्हणाला, “मी काही मागवलंच नाही ताई.” तिसऱ्याला थोडे पैसे आधी यूपीआयने भरायला सांगितलं, तर त्याने फोन ठेवला. पार्सलं अजून दुकानातच होती, तीही मी तिथेच ठेवली.