‘हेवी लायसन आहे, सगळ्या गाड्या चालवतो’

हा मेसेज मी २०२५ च्या जूनमध्ये जळगावच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठला पाठवला होता. पूर्ण मेसेज असा: ‘नमस्कार शेठ, हेवी लायसन आहे, सगळ्या गाड्या चालवतो, रेकॉर्ड एकदम क्लीन, काम असेल तर कळवा.’ तीन दिवस निळ्या टिका दिसत राहिल्या, उत्तर काही आलं नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःच फोन लावला. त्या फोनवर जे कळलं ते नव्यानं लायनीत येणाऱ्या पोरांना सांगावंसं वाटतं, कारण असे मेसेज मी अजून रोज बघतो.

शेठचा पहिला प्रश्न होता, “हेवी म्हंजे काय लिहिलंय रे कार्डावर?” मी पारोळ्याच्या हॉटेलवर चहा पीत उभा होतो. कार्ड काढलं, वाचलं. `MCWG`, `LMV`, `TRANS`. शेठ म्हणाला, “बरं, आता तारीख वाच.” मी रुबाबात सांगितलं, “२०३१ पर्यंत आहे शेठ.” तो हसला. “ती खासगी गाडीची तारीख झाली भो. ट्रान्सपोर्टची वाच.”

ट्रान्सपोर्टची मुदत मार्चमध्येच संपली होती. तीन महिने मी चौदा टायर गाडी संपलेल्या लायसनवर फिरवत होतो आणि मला पत्ताही नव्हता.

हे इथं जरा नीट समजून घ्या, कारण जुन्या-जुन्या ड्रायव्हरांचंही इथंच चुकतं. कार्ड एकच असलं तरी त्याच्यावर मुदती दोन असतात. एक नॉन-ट्रान्सपोर्टची, म्हणजे मोटारसायकल आणि घरची कार. माझं LMV २०११ चं, ते वीस वर्षांचं, म्हणून २०३१. दुसरी ट्रान्सपोर्टची, म्हणजे भाड्याच्या गाडीची. ती आधी तीन वर्षांची असायची, २०१९ च्या कायदा-दुरुस्तीनंतर पाच वर्षांची झाली. मी २०२० ला नूतनीकरण केलं होतं, म्हणजे २०२५ ला ती संपणारच. पण डोळा जातो मोठ्या तारखेवर. आणखी एक जुनी समजूत आहे की मुदत संपल्यावर तीस दिवस चालतं. ती सवलत कायद्यात खरंच होती, पण त्याच २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. आता संपलं म्हणजे त्या रात्रीच संपलं.

नूतनीकरण मुदतीआधी एक वर्ष ते मुदतीनंतर एक वर्ष करता येतं. त्याच्यापेक्षा उशीर झाला तर पुन्हा ट्रॅकवर टेस्ट द्यावी लागते. मी वर्षाच्या आत होतो म्हणून टेस्ट वाचली. पण ट्रान्सपोर्टसाठी डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतोच, वय कितीही असो. आणि नवीन मुदत नूतनीकरणाच्या दिवसापासून धरतात, मागच्या तारखेपासून नाही. म्हणजे मधले महिने माझ्या नावावर रिकामे ते रिकामेच राहिले.

शेठला याचं एवढं काय पडलंय, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्यानंच सांगितलं. गाडीचा अपघात झाला, समोरचा माणूस गेला किंवा जखमी झाला आणि ड्रायव्हरचं लायसन त्या दिवशी चालू नसलं, तर कोर्ट बहुतेक वेळा विमा कंपनीला सांगतं की आधी तू भरपाई दे आणि मग मालकाकडून वसूल कर. लाखांची रक्कम मालकाच्या घरावर येते. म्हणून मालक आपला मेसेज वाचताना ड्रायव्हर किती भारी आहे ते बघत नाही, हा माणूस आपल्याला कोर्टात उभा करेल का ते बघतो. हे कळल्यावर मेसेज कसा लिहायचा ते आपोआप कळतं.

मालकाला हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. परिवहनच्या सारथी साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकली की `Non-Transport` आणि `Transport` अशा दोन ओळी, दोन्हींच्या तारखा समोर येतात. खाली धोकादायक मालाचं `Hazardous Valid Till` आणि डोंगरी रस्त्यांचं `Hill Valid Till` पण दिसतं. मेसेज पाठवायच्या आधी तीच स्क्रीन स्वतः उघडून बघा. मी आता दर दिवाळीला बघतो, सवयच लावून घेतली आहे.

वर्गाच्या नावाबद्दल एक गोष्ट. काही पोरांच्या कार्डावर `LMV-TR` असतं आणि ते त्यालाच ‘हेवी’ म्हणतात. तसं नाही. ते हलक्या व्यावसायिक गाड्यांचं. दहा टायरसाठी `TRANS` पाहिजे, जुन्या कार्डांवर `HGMV` किंवा `HTV` असतं. आणि उलटी बाजूही माहीत असू द्या: सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की साध्या LMV वर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, तिच्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्ट शेरा लागत नाही. म्हणून एखादा मालक फक्त पिकअप किंवा ४०७ चालवायला माणूस शोधत असेल, तर LMV वाल्या पोरानं लाजायचं कारण नाही. आरसीवर एकूण वजन किती लिहिलंय ते विचारायचं आणि मेसेजमध्ये सरळ ‘LMV आहे, TRANS नाही’ असं लिहायचं. `TRANS` हवं असेल तर आधी LMV ला एक वर्ष व्हायला पाहिजे आणि वय वीस पाहिजे, तोवर लर्निंगच मिळत नाही.

आता गाड्यांचं. ‘सगळ्या गाड्या’ हे वाक्य शेठनं मला फोनवरच सोलून काढलं. “ट्रेलर मागे घेतलाय का कधी?” नाही. “टँकर?” नाही. “मंग सगळ्या कुठं?” मी गप्प. मग त्यानं विचारलं की चौदा टायरवर शेवटचा माल काय होता. सांगितलं, शिरपूरकडून इंदूरला कापसाच्या गाठी, परत येताना सोयाबीन. “बिजासन घाट भरल्या गाडीनं उतरला का?” उतरलो. “कोणत्या गिअरात?” मी म्हणालो, “ज्या गिअरात चढली असती त्याच गिअरात शेठ, एक्झॉस्ट ब्रेक लावून. पायानं ब्रेक दाबत उतरलो तर खाली पोचेस्तोवर लायनर तापून ब्रेक लागतच नाही.” तिथं पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला.

म्हणून मेसेजमध्ये गाडीचं नाव, टायर, किती वर्षं, काय माल, कोणता रस्ता एवढं लिहायचं. आणि जे चालवलं नाही ते पण. रावेर, सावदा, यावल पट्ट्यात केळीच्या गाड्या दिल्लीकडं जातात, तिथं वेळेवर पोचणं हाच माल असतो. केळी वाटेत पिकली की व्यापारी भाव पाडतो. तिकडच्या मालकाला दोन ड्रायव्हरच्या गाडीचा अनुभव आहे का हे वाचायचं असतं. जळगाव एमआयडीसीत पाइप भरणाऱ्याला ताडपत्री आणि दोरीचं काम येतं का ते पाहिजे. दोघांना एकच मेसेज पाठवून चालत नाही.

रेकॉर्डचं मात्र मला खरंच टोचलं. मी ‘एकदम क्लीन’ लिहिलं होतं. शेठ म्हणाला, “ई-चलान बघितलं का?” मी म्हणालो, चलान तर गाडीच्या नंबरवर येतं, मालक भरतो. कॅमेऱ्याचं तसंच येतं, बरोबर आहे. पण रस्त्यावर साहेबानं थांबवून लायसन नंबर टाकून फाडलेलं चलान लायसनवर बसतं आणि ई-चलानच्या साइटवर लायसन नंबर टाकून शोधता येतं. मी शोधलं तर सीटबेल्टचं एक जुनं चलान बाकी निघालं. मला आठवतही नव्हतं. भरून टाकलं, पावती जपून ठेवली.

दुसरी गोष्ट मी लपवली होती. २०२२ मध्ये सावद्याला लोडिंगच्या आवारात रिव्हर्स घेताना मी एका गोदामाची भिंत पाडली होती. क्लीनर पाठीमागं हात दाखवायला नव्हता. मालकानं भरपाई दिली, माझ्या पगारातून कापून घेतली, पोलीस केस झाली नाही. ‘क्लीन’ म्हणताना मी ती भिंत मोजलीच नव्हती. पण केळीच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, शेठला ती गोष्ट माहीत होती आणि तो फक्त मी सांगतो का ते बघत होता. म्हणून ‘क्लीन’ हा शब्द मी आता वापरत नाही. तीन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या लिहितो: माणसाला इजा झाली का, पोलीस केस आहे का, लायसन कधी निलंबित झालं का. बाकी जे घडलं ते एका ओळीत.

जुलैमध्ये नूतनीकरण झाल्यावर मी त्याच शेठला पुन्हा मेसेज केला. असा:

‘नमस्कार शेठ. जूनमध्ये फोनवर बोललो होतो तो पारोळ्याचा ड्रायव्हर. वय ३५. लायसन जळगाव आरटीओ, LMV २०११ पासून, TRANS २०१४ पासून. ट्रान्सपोर्टची मुदत मार्चमध्ये संपली होती, नूतनीकरण केलं, आता जुलै २०३० पर्यंत. हॅझार्डसचं प्रशिक्षण नाही. गाड्या: पिकअप दोन वर्षं भाजीपाला, ४०७ दोन वर्षं किराणा, मग एक वर्ष घरची शेती, २०१७ पासून दहा टायर चार वर्षं केळी दिल्ली दोन ड्रायव्हर, २०२१ पासून चौदा टायर इंदूर आणि सुरत लाइन, कोंडाईबारी व बिजासन घाट भरल्या गाडीनं. ट्रेलर, टँकर चालवला नाही. माणसाला इजा झालेला अपघात नाही, पोलीस केस नाही, लायसन कधी निलंबित नाही. २०२२ ला सावद्याला रिव्हर्समध्ये भिंत पाडली, भरपाई दिली. एक चलान बाकी होतं, भरलं, पावती आहे. आधीच्या दोन मालकांचे नंबर विचाराल तेव्हा देतो. दारू पीत नाही, तंबाखू खातो. सोमवारपासून मोकळा.’

तंबाखूची ओळ बायकोनं काढायला सांगितली होती. मी ठेवली.

लायसनचा फोटो पहिल्या मेसेजला जोडला नाही. शेठनं मागितल्यावर दोन्ही बाजू पाठवल्या, वरून आडवं ‘फक्त नोकरीसाठी’ लिहून. आधार कार्ड तर कुणालाच पहिल्या दिवशी पाठवू नका. आपल्या नावावर कुणी काय घेतलंय ते वर्षभरानं कळतं. आधीच्या मालकांचे नंबर पण त्यांना विचारूनच द्यावेत. माझ्या एका जुन्या मालकाला न विचारता मी नंबर दिला होता, त्यानं नवीन माणसाला ‘कोण तो?’ म्हणून फोन ठेवून दिला.

उत्तर तासाभरात आलं. ‘मंगळवारी सकाळी ७ ला सावद्याला ये. गाडी भरलेली राहील.’

मंगळवारी गेलो तर शेठ त्याच आवारात खुर्ची टाकून बसलेला. भिंत नवीन बांधलेली, विटा अजून लालभडक. चावी हातात दिली आणि म्हणाला, “भरली गाडी मागं घे, तिथपर्यंत.” बोट भिंतीकडं होतं. मी खाली उतरून आधी मागची जागा पावलांनी मोजली, अठरा पावलं. मग क्लीनरला उजव्या आरशात दिसेल असा उभा केला, त्याला सांगितलं की तू आरशातून दिसेनासा झाला की मी गाडी थांबवणार. पहिल्या प्रयत्नात अंदाज चुकला, पुढं घेतली, पुन्हा लावली. शेवटी भिंतीपासून दीड हातावर थांबवली.

शेठ उठून मागं गेला, हातानं अंतर मोजलं आणि क्लीनरला चहा आणायला पाठवलं.