चालत्या गाडीतला संवाद: गाडी कधी चालवायची आणि कधी नुसती हलवायची

शॉर्टफिल्म करणाऱ्या नव्या मंडळींच्या पटकथेत गाडीतला प्रसंग हमखास असतो. तो शूट कसा करणार असं विचारलं, की उत्तर येतं, ‘हिरोला गाडी येते, कॅमेरा डॅशबोर्डवर लावू.’ या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी मी सेटवर होऊ देत नाही. ज्याला संवाद म्हणायचे आहेत त्याने त्याच वेळी स्टिअरिंग धरायचं नाही. आणि डाव्या सीटसमोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, ती उघडली तर तिथे चिकटवलेला कॅमेरा माणसाच्या तोंडावर येतो.

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. भाऊ गाडी चालवतोय, शेजारी बहीण आहे, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बोलणं निघालंय, वेळ दिवेलागणीनंतरची. हाताशी साधी हॅचबॅक, एक मिररलेस कॅमेरा, दोन लेपल माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि सहा-सात माणसं. गाडी उचलून नेणारा लो-लोडर परवडणार नाही, हे धरूनच चालायचं.

इथे प्रसंग दोन भागांत तोडावा. बहिणीचा क्लोज खरोखर चालत्या गाडीत घ्यायचा आणि भावाचा उभ्या गाडीत. कारण बहीण फ्रेममध्ये असते तेव्हा स्टिअरिंगवर कोण आहे हे दिसतच नाही. तिथे युनिटमधला सगळ्यात शांत डोक्याचा, परवानाधारक चालक बसवा. भावाचं काम करणारा नट मागे डावीकडे बसून आपली वाक्यं म्हणतो, कॅमेरामन चालकाच्या मागे, उजवीकडे. बहीण बोलताना चालकाकडे वळते, तेव्हा तिथून तिचा चेहरा बऱ्यापैकी उघडतो. तिला एकच सांगून ठेवायचं: आवाज मागून आला तरी नजर चालकाच्या कानापाशी.

गाडीत एवढे चारच जण, आणि चौघांचे पट्टे लावलेले. दिग्दर्शकाला बाहेर थांबायला सांगितलं की त्याला राग येतो, पण पाचव्या माणसाने मध्ये वाकून मॉनिटर बघणं म्हणजे चालकाच्या कानाशी गोंगाट. प्रत्येक फेरीनंतर गाडी थांबवून त्याला टेक दाखवावा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात नव्हे, मनगटाला गुंडाळावा आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून घडीच्या स्क्रीनवर बघावं. डोळ्याला लावलेला कॅमेरा अचानक ब्रेक लागला की भुवई फोडतो. ३५ मिमीच्या आसपासची लेन्स पुरते. डिकीत किंवा सीटच्या मधल्या जागेत कुणीही बसायचं नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही.

रस्ता सार्वजनिक नसला तर उत्तम. बंद हंगामातल्या साखर कारखान्याचं आवार किंवा मोठ्या कॉलेजचा आतला रस्ता लेखी परवानगीने मिळू शकतो. सार्वजनिक रस्ता घ्यायचाच असेल तर शूटिंगची परवानगी आणि स्थानिक पोलिसांना कल्पना, दोन्ही आधी. वेग पंचवीस-तीसच्या वर नको. बाजूच्या काचेतून झाडं जवळून गेली की तेवढ्यातही गाडी जोरात वाटते. कॅमेरा आणि रेकॉर्डर गाडी उभी असतानाच सुरू करायचे, टाळी तेव्हाच वाजवायची, मग गाडी हलवायची. वाक्य चुकलं तरी चालकाला ‘थांब, मागे घे’ म्हणायचं नाही. वळायची जागा येईपर्यंत तो आपल्या गतीने जातो. थांबायचा अधिकार मात्र त्याला कधीही, कारण न देता.

हा भाग सूर्य मावळल्यावर लगेच उरकायचा. चालकाला रस्ता दिसतो आणि फ्रेममधून आकाश वगळून एक्स्पोजर जरा खाली ठेवलं की बाहेर रात्र वाटते. आत दिवा लावू नका, तो समोरच्या काचेत उमटतो आणि चालकाला रस्ता दिसेनासा होतो. मोजून वीस-पंचवीस मिनिटांचा उजेड असतो, म्हणून तालीम दुपारी उभ्या गाडीत झालेली हवी.

अंधार पडला की भावाचा क्लोज. गाडी मोकळ्या, सपाट जागेत उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा, इंजिन बंद. बंद शेडमध्ये किंवा गॅरेजात ‘आवाज हवा’ म्हणून इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आता कॅमेरा बहिणीच्या सीटवर, तिचं डोकं जिथे होतं तिथे. बहीण मागे बसून बोलते. भावाच्या नजरेसाठी लेन्सच्या शेजारी, समोरच्या काचेकडच्या बाजूला, चिकटपट्टीची खूण लावा. मघाशी ती फ्रेमच्या उजवीकडे बघत होती, आता हा डावीकडे बघेल, आणि दोघं एकमेकांशी बोलतायत असं वाटेल.

गाडी चालल्याचा भास मुख्यतः दिव्यांनी होतो. रस्त्यावरचे खांब साधारण तीस मीटरवर धरले आणि गाडी ताशी चाळीसने चालली आहे असं मानलं, तर ती सेकंदाला अकरा मीटर जाते. म्हणजे दर पावणेतीन सेकंदांनी एक दिवा. एकाने स्टँडवरचा एलईडी उंच धरून बॉनेटच्या पुढून छताकडे आणायचा. नीट पाहा: खरा दिवा जवळ येतो तसा छताची सावली खाली सरकते, आधी चेहरा विझतो, मग छाती, शेवटी मांडीवरचे हात. हे उलट झालं तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण खोटं वाटतं. भावाच्या मागे उजवी काच आहे आणि आपल्याकडे समोरून येणारी वाहनं उजव्या हातालाच असतात. तेव्हा फळीवर दोन टॉर्च बांधून एकाने त्या बाजूने पुढून मागे पळायचं. यात ताल नको; दोन गाड्या लागोपाठ, मग बराच वेळ काहीच नाही. आणखी एकाने मागचा बंपर अधूनमधून हलकेच दाबायचा. कॅमेरा गाडीतच असल्यामुळे हा हेलकावा चेहऱ्यापेक्षा काचेबाहेरच्या दिव्यांत दिसतो. बाहेर दिवेच नसतील तर दाबण्याचा उपयोग नाही.

नटाची नजर हा सगळ्यात नाजूक भाग. उभ्या गाडीत तो आरामात बहिणीकडे बघत बसतो. ताशी चाळीसला दोन सेकंद म्हणजे बावीस मीटर. एवढं अंतर कुणी रस्ता न बघता गाडी चालवत नाही. रागाचं वाक्यही त्याने समोर बघून म्हणावं, फक्त शेवटच्या शब्दाला नजर वळवावी. मला तर तेच जास्त बोचरं वाटतं. स्टिअरिंग डावी-उजवीकडे घुसळायचं नाही, सरळ रस्त्यावर ते जेमतेम हलतं.

लेपल पट्ट्याला घासू देऊ नका. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, म्हणून माइक डाव्या बाजूला, बहिणीचं उलट. दोन्ही भागांत काचा बंद, एसी बंद, आणि टेकच्या मध्ये दारं उघडून सगळ्यांना हवा द्या.

उभ्या गाडीतला आवाज इतका स्वच्छ येतो, की बहिणीच्या शॉटला जोडला की फट दिसते. म्हणून पॅकअपच्या आधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, कुणीही न बोलता दोन-तीन मिनिटं गाडी फिरवून आतला आवाज मागच्या सीटवरून रेकॉर्ड करा. एडिटमध्ये तो भावाच्या प्रत्येक शॉटखाली सलग अंथरायचा, कटच्या जागी तोडायचा नाही.