दहा टक्के, पण कशाचे? ऊर्जाप्रवाहाची उत्तरं तपासण्याआधीची तयारी

एप्रिलमध्ये नागपुरात सराव परीक्षेचे गठ्ठे तपासायला बसायचं, तर आधी कूलरचा झोत भिंतीकडे वळवायचा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी जड ठेवायचं. एवढी तयारी सगळेच करतात. परिसंस्थेचा धडा असेल तर आणखी अर्ध्या तासाची तयारी लागते. एका पातळीतल्या ऊर्जेचे साधारण दहा टक्केच पुढच्या पातळीला मिळतात, हा दहा टक्क्यांचा नियम अन्नसाखळीच्या गणितात मुलं पाठ म्हणतात, पण लावतात भलत्याच जागी. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. यंदा आमच्याकडे दोन नवे शिक्षक तपासणीला येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून काढलं.

पहिलं काम म्हणजे लाल पेन उघडण्याआधी प्रश्न स्वतः कागदावर सोडवणं. नुसतं शेवटचं उत्तर लिहून ठेवू नका, पायऱ्याही लिहा. यंदाचा प्रश्न असा आहे: गवत, नाकतोडा, बेडूक, धामण, सर्पगरुड अशी अन्नसाखळी. कुरणावर वर्षभरात २०,००,००० ज्यूल सूर्यऊर्जा पडते आणि तिच्यातली १ टक्का गवताच्या निव्वळ उत्पादनात साठते असं धरा, तर धामणीच्या पातळीला किती ऊर्जा मिळेल? गोरेवाड्याच्या बाजूला पावसाळ्यात फिरलेल्या मुलांना यातले बरेच प्राणी ओळखीचे असतात, म्हणून ही साखळी घेतली. आता पायऱ्या. सूर्याकडून गवताकडे १ टक्का, म्हणजे २०,००० ज्यूल. गवताकडून नाकतोड्याकडे त्याच्या दहा टक्के, २,०००. बेडकाकडे २००. धामणीकडे २०. उत्तर २० ज्यूल, आणि गवतापासून धामणीपर्यंत बाण तीन.

आता याच कागदाच्या उजव्या बाजूला चुकीची उत्तरं मांडून ठेवा. माझ्या मते तयारीचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे, कारण चुकीचा आकडा आपली चूक स्वतःच सांगतो. उत्तर १४,५८० आलं, तर मुलाने दर पायरीला दहा टक्के वजा केले आणि ९० टक्के पुढे पाठवले: २०,००० चे १८,०००, मग १६,२००, मग १४,५८०. नियम त्याने नेमका उलटा वाचला. उत्तर १४,००० असेल तर तीही वजाबाकीच, पण वेगळी. त्याने गवताच्या ऊर्जेचे दहा टक्के, म्हणजे २,०००, तीन वेळा वजा केले. उत्तर २,००० असेल तर त्याला वाटतं की साखळीतल्या प्रत्येकाला गवताच्याच दहा टक्के मिळतात. आणि उत्तर २ असेल तर त्याने बाणांऐवजी जीव मोजले. गवत ते धामण जीव चार, म्हणून दहाने चारदा भागलं.

२०० या उत्तराशी मात्र थांबा. एकच आकडा दोन वेगळ्या चुकांतून येतो. एका मुलाने सूर्य ते गवत या पायरीलाही दहा टक्के लावले. त्याच्या गवतात २,००,००० ज्यूल आले आणि तिथून तीन बाण बरोबर मोजून तो २०० वर पोचला. दुसऱ्याने गवताचे २०,००० अचूक काढले, पण एक बाण गाळला आणि बेडकाचं उत्तर धामणीला दिलं. पहिल्याला नियम कुठून सुरू होतो ते कळलेलं नाही. दुसऱ्याचा घोळ फक्त मोजणीत आहे. नुसता शेवटचा आकडा बघून दोघांना सारखे गुण दिले, तर दोघांपैकी कोणाचीच चूक दुरुस्त होणार नाही.

गुणांची वाटणीही आधीच ठरवून वहीत लिहा. तीन गुण असतील तर एक गुण पायाभूत ऊर्जेला, म्हणजे २०,००० ला. एक बाणांच्या मोजणीला. एक एककासह उत्तराला. पाया चुकला पण पुढचे तीनही टप्पे नीट केले, तर बाणांचा गुण द्यायचाच. एका चुकीची शिक्षा एकदाच.

पायाबद्दल आणखी एक गोष्ट तपासून ठेवा. प्रश्नात एकूण उत्पादन आणि वनस्पतीचं श्वसन असे दोन आकडे दिलेले असतील, तर आधी वजाबाकी करावी लागते. समजा एकूण उत्पादन २५,००० आणि गवताने स्वतःच्या श्वसनात ५,००० खर्चले. नाकतोड्याला खाण्यासाठी उरले २०,०००. गवताने स्वतःसाठीच जाळून टाकलेलं कोणी कसं खाणार? इथे धामणीचं उत्तर २५ दिसलं, की श्वसन वजा करायचं राहिलं हे ओळखा.

आता वर्णनात्मक उत्तरं. 'उरलेली ९० टक्के ऊर्जा कुठे जाते?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक पेपरात एकच वाक्य येतं: 'ती उष्णतेच्या रूपात नष्ट होते.' त्याला पूर्ण गुण देऊ नका, आणि शून्यही देऊ नका. इथे मी मुलांना घरातलीच भाषा देते: समोर आलं किती, खाल्लं किती, पचलं किती आणि अंगी लागलं किती. नमुना उत्तरासाठी मी सोयीचे आकडे घेतले आहेत. गवतात २०,००० ज्यूल आहेत. नाकतोड्यांनी त्यातलं १०,००० चंच गवत खाल्लं, बाकीचं १०,००० चं उभ्या उभ्या वाळलं. खाल्लेल्यातलं ५,००० न पचता विष्ठेवाटे गेलं. पचलेल्या ५,००० पैकी ३,००० श्वसनात खर्च होऊन उष्णता झाली. नाकतोड्यांच्या अंगी लागले २,००० ज्यूल, म्हणजे गवताच्या दहा टक्के. बेडकाला खायला मिळतं ते एवढंच.

आता 'हरवलेले' १८,००० ज्यूल पुन्हा मोजा. नाकतोड्याच्या अंगातून उष्णता होऊन गेले फक्त ३,०००. उरलेले १५,००० वाळलेल्या गवतात आणि विष्ठेत आहेत, आणि त्यांवर बुरशी, जिवाणू, वाळवी जगतात. विघटक ती ऊर्जा वापरतात, तेही श्वसन करतात, आणि तिचा बराच भाग शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून मुलाचं वाक्य सर्वस्वी खोटं नाही, त्याने मधला सगळा रस्ता गाळला आहे. 'न खाल्लेलं', 'न पचलेलं' आणि 'श्वसन' या तिन्ही वाटा असतील तर पूर्ण गुण. फक्त उष्णता लिहिली असेल तर त्या एका वाटेचे. 'नष्ट होते' या शब्दाखाली मात्र रेघ ओढा. ऊर्जा नष्ट होत नाही, पुढच्या भक्षकाला वापरता येत नाही एवढंच.

याच हिशोबातून नियमाची मर्यादाही दिसते. नाकतोड्याच्या जागी चितळ ठेवा. तो उष्णरक्ताचा प्राणी आहे, शरीराचं तापमान राखण्यातच पचलेल्यातलं बहुतेक सगळं खर्च होतं. सस्तन प्राण्यांच्या अंगी पचलेल्या ऊर्जेतले साधारण १ ते ३ टक्केच लागतात. म्हणजे तितकंच खाऊन आणि तितकंच पचवूनही चितळांच्या वाट्याला २,००० च्या ऐवजी शंभरेक ज्यूल येतील, गवताच्या अर्धा टक्का. पेंचवरच्या प्रश्नात एखाद्या हुशार मुलीने 'इथे दहापेक्षा कमी असेल' असं कारणासह लिहिलं, तर ते खोडू नका.

ही तंबी मी स्वतःलाही देते. काही वर्षांपूर्वी एका सराव परीक्षेत सिल्व्हर स्प्रिंग्जचे आकडे देऊन प्रश्न आला होता. फ्लोरिडातल्या या झऱ्याचा ऊर्जेचा हिशोब हॉवर्ड ओडम यांनी १९५७ मध्ये मांडला. दर चौरस मीटरला दरवर्षी उत्पादकांचं निव्वळ उत्पादन ८,८३३ किलोकॅलरी, शाकाहारी प्राण्यांचं १,४७८, त्यांना खाणाऱ्या मांसाहारींचं ६७. प्रश्न होता, उत्पादकांकडून शाकाहारींकडे किती टक्के ऊर्जा गेली? एका मुलाने १,४७८ ला ८,८३३ ने भागून १६.७ टक्के लिहिलं. आम्हाला दिलेल्या उत्तरसूचीत १० टक्के छापलं होतं, आणि मी त्याचे गुण कापले. तो पेपर घेऊन आला तेव्हा मला माझी चूक दिसली. आकडे दिलेले असतील तर भागाकारच करायचा असतो. दहा टक्के हा आकडे नसताना वापरायचा ढोबळ अंदाज आहे. त्याच झऱ्यात पुढच्या पायरीला ६७ भागिले १,४७८, म्हणजे ४.५ टक्केच येतात. ज्यांच्या नावाने हा नियम शिकवतो त्या रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या निबंधातसुद्धा सीडर बॉग तळ्याचे आकडे १३.३ आणि २२.३ टक्के आहेत.

अशा प्रश्नात वर आणि खाली सारख्या जातीचे आकडे आहेत ना, तेवढं बघा. निव्वळ भागिले निव्वळ चालेल. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये उत्पादकांचं एकूण उत्पादन २०,८१० आणि शाकाहारींनी पचवलेली ऊर्जा ३,३६८ आहे. कोणी हे दोन घेऊन १६.२ टक्के काढले तर तोही सुसंगत हिशोब आहे. पण १,४७८ ला २०,८१० ने भागून ७.१ टक्के लिहिलं असेल तर निव्वळ आणि एकूण यांची सरमिसळ झाली आहे, तिथे पायाचा गुण जाईल.

प्राण्यांच्या संख्येला दहा टक्के लावलेले दिसले की फार विचार करू नका, गुण नाही. एका पिंपळावर हजारो किडे जगतात, तिथे संख्येचा मनोरा खालून वर दहाव्या हिश्शाने कमी होत नाही. डीडीटीच्या प्रश्नात 'दर पातळीला दहावा हिस्सा होतो' असं लिहिणारेही निघतात. डीडीटी श्वसनात जळत नाही, चरबीत साठत जातं, त्यामुळे दर पातळीला त्याचं प्रमाण वाढतं.

शेवटी, पहिल्या दहा पेपरांना गुण पेन्सिलीने द्या. त्या दहांत एखादा आकडा तुमच्या उजव्या बाजूच्या यादीत नसेल, तर तो कसा आला ते शोधून यादीत जोडा आणि मगच लाल पेन घ्या. पायऱ्याच नसलेला नुसता २०० दिसला, तर समासात प्रश्नचिन्ह काढून तो पेपर वेगळा ठेवा. पेपर परत देताना मी अशा मुलाला टेबलाजवळ बोलावते, साखळी पुन्हा लिहायला लावते आणि विचारते, 'बेटा, गवतात किती होते?' तो २,००,००० म्हणाला की पाया चुकलेला, २०,००० म्हणाला की बाण गळलेला.