वजन की ताकद? वेगवेगळ्या एककांतले गुणांक एका मापात कसे आणावेत

गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" आकडेशास्त्राच्या लेखात हा शब्द घोळ घालेल, म्हणून इथे मायलेज म्हणू. दुसरा प्रश्न मात्र फारसं कोणी विचारत नाही: मायलेज जास्त खातं कोण, गाडीचं वजन की इंजिनाची ताकद? वजन पौंडांत किंवा किलोत, ताकद अश्वशक्तीत. या दोघांची तुलना करायची तरी कशी?

करून बघायला R या आकडेशास्त्राच्या संगणकभाषेत आधीपासूनच असलेला mtcars हा विदासंच घेऊ. अमेरिकेतल्या 'मोटर ट्रेंड' मासिकाच्या १९७४ च्या अंकातून घेतलेल्या ३२ गाड्यांची माहिती त्यात आहे. गाड्या जुन्या आहेत, पण आपला प्रश्न जुना झालेला नाही. त्यातला mpg हा रकाना मायलेजचा, मैल प्रति गॅलनमध्ये; wt वजनाचा आणि hp अश्वशक्तीचा.

पायरी १: आधी आहे तसं रिग्रेशन चालवा

```r
m1 <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
summary(m1)
```

गुणांक म्हणजे दुसरं चल तेवढंच ठेवून हे चल एका एककाने वाढलं, तर मायलेज किती बदलतं तो आकडा. वजनाचा गुणांक येतो −३.८८ आणि अश्वशक्तीचा −०.०३१८. वजन किंवा ताकद वाढली की मायलेज घटतं, म्हणून दोन्ही उणे. पहिल्या नजरेला वाटतं, वजनाचा परिणाम ताकदीच्या सव्वाशे पट आहे.

आता wt हा रकाना कशात मोजलाय ते बघा: हजार पौंडांत. तोच साध्या पौंडांत लिहिला तर गुणांक होतो −०.००३९, आणि आता ताकदच वजनाच्या आठ पट भारी दिसते. गाड्या त्याच, रेषा तीच, फक्त एक शून्यांची माळ इकडची तिकडे झाली. म्हणून कच्चे गुणांक शेजारी ठेवून 'मोठा कोण' असं विचारू नये.

पायरी २: एकक माणसाला कळेल असं करा

नियम सोपा आहे. चलाला ज्या संख्येने भागाल, त्याच्या गुणांकाला तीच संख्या गुणली जाते. वजन १०० किलोंच्या टप्प्यात मांडलं की गुणांक होतो −०.८५ मैल प्रति गॅलन. अमेरिकी गॅलन धरला तर १ मैल प्रति गॅलन म्हणजे सुमारे ०.४२५ किमी प्रति लिटर. म्हणजे ताकद तेवढीच ठेवून १०० किलो वाढले, तर लिटरमागे सुमारे ०.३६ किमी कमी. १० अश्वशक्ती वाढली, तर सुमारे ०.१४ किमी कमी. हे आकडे घरात जेवताना सांगता येतात.

इथेच एक तपासणी करून घ्या. एकक बदलल्यावर वजनाचं t मूल्य −६.१३, ताकदीचं −३.५२ आणि R² ०.८२७ हे जसंच्या तसं राहायला हवं. यातलं काहीही हललं तर तुम्ही एकक बदललेलं नाही, विदाच बदललाय. बहुतेक वेळा एखादी ओळ गळालेली असते किंवा लॉग घेतलेला असतो.

या पायरीवर थांबलात तरी पुष्कळ झालं. फक्त मूळ प्रश्न अजून तसाच आहे: १०० किलो आणि १० अश्वशक्ती हे टप्पे 'सारखे' आहेत, असं कोणी ठरवलं?

पायरी ३: प्रत्येक चलाला त्याच्याच पसाऱ्याने मोजा

रूढ उपाय म्हणजे टप्पा प्रमाण विचलनाएवढा घेणं. चलातून सरासरी वजा करायची आणि प्रमाण विचलनाने भागायचं.

```r
d <- mtcars
d$wt_z <- as.numeric(scale(d$wt))
d$hp_z <- as.numeric(scale(d$hp))
m2 <- lm(mpg ~ wt_z + hp_z, data = d)
```

या गाड्यांत वजनाचं प्रमाण विचलन ०.९७८ हजार पौंड, म्हणजे सुमारे ४४४ किलो आहे. अश्वशक्तीचं ६८.६. आता गुणांक येतात −३.७९ आणि −२.१८. सरासरी वजा केल्याचा एक वेगळा फायदाही होतो. आधीचा स्थिरांक ३७.२ होता, म्हणजे शून्य वजनाच्या, शून्य ताकदीच्या गाडीचं मायलेज. अशी गाडी कोणी पाहिलीय? आता तो २०.१ होतो, म्हणजे सरासरी वजनाच्या आणि सरासरी ताकदीच्या गाडीचं मायलेज.

पुस्तकांत 'बीटा' किंवा प्रमाणित गुणांक म्हणतात तो यापुढचा टप्पा. त्यात मायलेजलाही त्याच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे ६.०३ ने, भागतात. मग उरतात −०.६३ आणि −०.३६. मी शक्यतो हा शेवटचा भागाकार करत नाही. मायलेज सगळ्यांना कळतं, '०.६३ प्रमाण विचलन' कोणालाच कळत नाही. परीक्षेत मिळालेले गुण किंवा समाधानाची प्रश्नावली असं स्वतःचं एकक नसलेलं काही मोजत असाल, तर भागा.

०.६३ आणि ०.३६ यांची बेरीज ०.९९ होते, आणि नेमकी इथेच फसगत होते. लगेच कोणीतरी लिहितं, 'मायलेजमध्ये वजनाचा वाटा ६३ टक्के.' बेरीज एकाजवळ येणं हा निव्वळ योगायोग आहे. वजन आणि ताकद यांच्यात ०.६६ इतका सहसंबंध आहे, जड गाडीला सहसा मोठंच इंजिन असतं. त्यामुळे परिणामाचे स्वच्छ वाटे पडतच नाहीत. सहसंबंध तीव्र असला तर एखादा प्रमाणित गुणांक एकापेक्षाही मोठा येऊ शकतो, मग त्याला किती टक्के म्हणायचं?

पायरी ४: फरक खरा आहे का ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ३.७९ हा २.१८ पेक्षा मोठा आहे हे दिसतंच. पण दोन्ही ३२ गाड्यांवरून काढलेले अंदाज आहेत आणि प्रत्येकाची प्रमाण त्रुटी ०.६२ आहे. फरकाची त्रुटी किती? 'दोन्ही गुणांक आपापल्या परीने शून्यापेक्षा वेगळे' आणि 'दोन्ही एकमेकांपेक्षा वेगळे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

यासाठी एक छोटी युक्ती आहे. दोन प्रमाणित चलांची बेरीज आणि त्यांतलं एक चल, एवढंच मॉडेलमध्ये घाला:

```r
m3 <- lm(mpg ~ I(wt_z + hp_z) + hp_z, data = d)
summary(m3)
```

इथे hp_z समोरचा गुणांक म्हणजेच दोघांमधला फरक. तो येतो १.६२, त्याची प्रमाण त्रुटी १.१३ आणि p मूल्य सुमारे ०.१६. दोन गुणांकांच्या त्रुटी ०.६२ असताना फरकाची १.१३ कशी? वजन आणि ताकद एकत्र वाढतात, म्हणून एकाचा अंदाज चढा आला की दुसऱ्याचा उतरतो आणि फरक जास्तच डगमगतो. म्हणजे 'वजनाचा परिणाम मोठा' हे वाक्य या ३२ गाड्यांच्या जोरावर छातीठोकपणे म्हणता येत नाही. सॉफ्टवेअरने छापलेल्या बीटांच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही. ही युक्ती दोन्ही गुणांकांची चिन्हं सारखी असताना सरळ वापरता येते. एक अधिक आणि एक उणे असेल तर आधी एका चलाचं चिन्ह उलटं करून घ्या.

पायरी ५: पट्टीच वाकडी आहे का ते बघा

प्रमाण विचलन हा निसर्गाचा स्थिरांक नव्हे, ते तुमच्या नमुन्यातून आलेलं माप आहे. या यादीत ३३५ अश्वशक्तीची मासेराटी बोरा आहे. ही एक गाडी काढली तर अश्वशक्तीचं प्रमाण विचलन ६८.६ वरून ६०.३ वर येतं. म्हणजे प्रत्येक अश्वशक्तीमागचा परिणाम अगदी तोच राहिला असता, तरी ताकदीचा गुणांक २.१८ ऐवजी १.९२ दिसला असता. पट्टीच बारा टक्क्यांनी आखूड झाली.

याच कारणाने दोन वेगळ्या नमुन्यांतले बीटा शेजारी ठेवू नयेत. फक्त छोट्या गाड्या घेतलेल्या अभ्यासात वजनाचा बीटा लहान येईल. वजन तिथे कमी महत्त्वाचं असतं असं नव्हे, तिथे वजनं फारशी बदलतच नाहीत. अशी तुलना किलो आणि अश्वशक्तीतच करावी.

एखाद्या टोकाच्या गाडीचा त्रास टाळायचा असेल, तर टप्पा चतुर्थकांमधला घ्या. वजनाचं पहिलं चतुर्थक २.५८१ आणि तिसरं ३.६१०, म्हणजे टप्पा १.०२९. अश्वशक्तीत ९६.५ ते १८०, म्हणजे ८३.५. गुणाकार केला की मायलेजमधली घट येते ३.९९ आणि २.६५. दोघांमधली दरी जराशी कमी झालेली दिसेल. टप्पा बदलला की उत्तर बदलतं. म्हणून कोणता टप्पा घेतला हे लिहायलाच हवं.

पायरी ६: हो-नाही चलाला हात लावू नका

आता am घालू: ऑटोमॅटिक गिअर असेल तर ०, हाताचे गिअर असतील तर १. याचं प्रमाण विचलन ०.५ च्या आसपास येतं. त्याने भागलं तर 'अर्धी ऑटोमॅटिक गाडी' असा टप्पा तयार होतो, ज्याला अर्थ नाही. ० आणि १ तसेच ठेवा. अ‍ॅन्ड्र्यू गेलमन यांनी २००८ मध्ये सुचवलेली तोड अशी: बाकीच्या चलांना एकाऐवजी दोन प्रमाण विचलनांनी भागा. निम्मे-निम्मे वाटलेल्या हो-नाही चलाचा ० ते १ हा पूर्ण टप्पा दोन प्रमाण विचलनांचाच असतो, म्हणून सगळे एका मापात येतात.

तसं केल्यावर वजनाचा गुणांक −५.६३, ताकदीचा −५.१४ आणि गिअरचा +२.०८ येतो. गिअर मॉडेलमध्ये शिरताच वजन आणि ताकद जवळजवळ बरोबरीत आले. या यादीत हाताच्या गिअरच्या गाड्या बहुतांशी हलक्या आहेत, त्यामुळे आधी वजनाच्या नावावर पडलेला काही भाग गिअरकडे गेला. पायरी ४ मधला संशय खोटा नव्हता तर.

आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. गुणाकाराचं पद हवं असेल, तर आधी दोन्ही चलं प्रमाणित करा आणि मग गुणा. गुणाकार करून नंतर तो प्रमाणित केला तर आकडा वाचता येत नाही. आणि काही ओळींत माहिती रिकामी असेल, तर त्या ओळी आधी काढून मगच scale चालवा. मॉडेलमध्ये प्रत्यक्ष वापरलेल्या ओळींवर wt_z ची सरासरी शून्य येत नसेल, तर क्रम चुकलाय.

या विदेसाठी अहवालात मी असं लिहीन: "ताकद तेवढीच असताना ४४४ किलो (एक प्रमाण विचलन) जास्त वजनाच्या गाडीचं मायलेज लिटरमागे सुमारे १.६ किमी कमी, आणि वजन तेवढंच असताना ६८.६ अश्वशक्ती जास्त असलेल्या गाडीचं सुमारे ०.९ किमी कमी दिसतं; या दोन घटींमधला फरक ३२ गाड्यांत स्पष्ट होत नाही."